फ्लेक्सवरच्या लहान चेहऱ्यांचा लगदा: तेवढाच भाग मोठा करून पुन्हा रेखाटणे आणि परत बेमालूम बसवणे

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात डीटीपी आणि फ्लेक्सची कामे करतो. एका महिला बचत गटाच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. गटातल्या बायकांना स्वतःचे फोटो चौकात लागायला नको आहेत, म्हणून त्यांच्याच संमतीने मी एसडीएक्सएल हे एआय मॉडेल वापरून चित्र तयार केले: संध्याकाळच्या उन्हात रंकाळ्याच्या काठावर नऊवारी नेसलेल्या सात बायका, गळ्यात कोल्हापुरी साज, समोर मसाल्याच्या बरण्या. चित्राचा आकार १२१६ × ८३२ पिक्सेल आहे.

मांडणी आणि रंग उत्तम आले आहेत, पण जवळ जाऊन पाहिले की चेहऱ्यांचा लगदा झालेला दिसतो. एकीचा एक डोळा गालावर उतरला आहे, दुसरीचे ओठ आणि हनुवटी एकमेकांत मिसळले आहेत आणि साजाच्या जागी पिवळ्या रंगाचा ओघळ आहे. प्रॉम्प्टमध्ये चेहरा स्पष्ट हवा, डोळे रेखीव हवेत असे बरेच लिहून पाहिले, वीसेक वेळा नवीन चित्रे काढली, तरी दर वेळी वेगळ्या ठिकाणी तोच प्रकार होतो. संपूर्ण चित्र पुन्हा न काढता फक्त हे भाग दुरुस्त करण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगू शकेल का? माझ्याकडे आठ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे.

पिक्सेलपाटील · सोमवार, रात्री ९:३५

आपण विनाकारण गुंतागुंत वाढवत आहात. चित्र कोणत्याही चांगल्या अपस्केलरमधून चौपट करून घ्या, म्हणजे सगळे तपशील आपोआप सुटे होतील. मी लग्नाच्या बॅनरचे फोटो नेहमी असेच मोठे करतो आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.

रंकाळाकाठ · सोमवार, रात्री १०:२०

पाटीलसाहेब, आताच करून पाहिले. नऊवारीचे काठ आणि पाण्यावरच्या लाटा सुरेख झाल्या, पण गालावरचा डोळा गालावरच राहिला. पूर्वी तो पुसट होता, आता कडा कोरल्यासारखा स्पष्ट झाला आहे, म्हणजे पूर्वीपेक्षा भयानक दिसतो.

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:५०

पाटीलदादांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि ते अर्धे कोणते, हे कळले की पुढचे सगळे सोपे होते.

आधी लगदा का होतो ते पाहू. एसडीएक्सएल थेट पिक्सेलवर काम करत नाही. आठ बाय आठ पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनासाठी ते एक घर धरते आणि त्या घरात फक्त चार आकडे असतात. मूळ चौकोनात लाल, हिरवा आणि निळा धरून १९२ आकडे होते, म्हणजे किती आवळून भरावे लागते याची कल्पना येईल. तुमच्या चित्रातला एक चेहरा साधारण ४८ पिक्सेल रुंद आणि ५६ पिक्सेल उंच असावा असे मी धरतो. म्हणजे त्या बाईच्या संपूर्ण चेहऱ्याला सहा गुणिले सात, अशी बेचाळीस घरे मिळाली. तिचा डोळा जेमतेम एका घरात बसतो. पापणी, बुबुळ, भुवई आणि कुंकू यांनी तेवढ्यात दाटीवाटीने राहायचे, तर लगदा होणारच. तुम्ही प्रॉम्प्टमध्ये कितीही विनवण्या केल्या तरी घरांची संख्या वाढत नाही, म्हणून वीस प्रयत्नांत तोच प्रकार झाला.

उपाय असा की तो चेहरा आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग कातरून घ्यायचा, तो १०२४ × १०२४ इतका मोठा करायचा, त्या मोठ्या तुकड्यात फक्त चेहऱ्यावर मास्क लावून मॉडेलकडून तेवढेच पुन्हा रेखाटून घ्यायचे, मग तुकडा मूळ मापाला आणून मऊ कडेने जागच्या जागी बसवायचा. ऑटोमॅटिक११११ किंवा फोर्ज वापरत असाल तर इनपेंटच्या पानावर `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडले की कातरणे, वाढवणे आणि परत बसवणे ते स्वतः करते. `Whole picture` ठेवलेत तर संपूर्ण चित्राच्या मापातच काम होईल, चेहऱ्याला पुन्हा तीच बेचाळीस घरे मिळतील आणि पद्धत चालत नाही असा तुमचा समज होईल. हा घोटाळा मी स्वतः पहिले दोन आठवडे करत होतो.

आता पाटीलदादांचा बरोबर असलेला अर्धा भाग. रेखाटलेला चेहरा तुम्ही परत ५६ पिक्सेल उंचीच्या जागेत बसवलात, तर एवढ्या कष्टाने मिळवलेला तपशील त्या ५६ पिक्सेलमध्येच कोंबला जाईल. मोबाइलवर ते पुरेसे वाटेल, कारण मुळात चेहरा नीट घडलेला असतो. पण सहा फूट रुंद फ्लेक्सवर तुमचे १२१६ पिक्सेल म्हणजे इंचाला सतरासुद्धा येत नाहीत. म्हणून आधी संपूर्ण चित्र चौपट करावे, म्हणजे ४८६४ × ३३२८, आणि दुरुस्ती त्या मोठ्या चित्रावर करावी. मग इंचाला सुमारे ६७ पिक्सेल पडतात, जे रस्त्यावरून पाहायच्या फ्लेक्सला चालतात. अपस्केलर लगदा सुधारत नाही, पण सुधारलेला चेहरा बसवायला जागा करून देतो.

रंकाळाकाठ · मंगळवार, सकाळी ८:०५

रात्रपाळीसाहेब, मनापासून आभार. घरांचा हिशेब प्रथमच कळला. चेहरा मोजला, ४७ बाय ५६ निघाला. आपला अंदाज पाहून थक्क झालो. आज दुकानात बसून डावीकडच्या दुसऱ्या बाईपासून सुरुवात करतो.

तालमीतला_नातू · मंगळवार, सकाळी १०:४०

हा धागा वाचून फार आनंद झाला, कारण मला नेमके हेच हवे होते. माझ्या आजोबांचा खासबाग मैदानातल्या कुस्तीचा एक जुना कृष्णधवल फोटो घरात आहे. फोटोत मैदान मोठे आहे आणि आजोबांचा चेहरा तांदळाएवढा. याच पद्धतीने तो स्पष्ट करता येईल ना? घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नाही.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १:१५

दादा, आपला प्रश्न वरवर सारखा दिसतो, पण तो वेगळा आहे. रंकाळ्यावरच्या त्या सात बायका कुठेच अस्तित्वात नाहीत, त्यामुळे मॉडेलने कोणताही पटेल असा चेहरा काढला तरी तो बरोबरच ठरतो. आपल्या आजोबांचा चेहरा मात्र एकच होता, आणि तांदळाएवढ्या डागात तो जेवढा उरला असेल त्यापलीकडे मॉडेल जे भरेल ते त्याच्या मनाचे असेल. समोर एक रेखीव पैलवान येईल, पण तो आजोबा नसेल, आणि दहा वर्षांनी घरातली मुले त्यालाच आजोबा समजतील. मूळ फोटो चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करून पाहा. छापील कागदावर कधी कधी डोळ्यांना दिसते त्याहून थोडे जास्त शिल्लक असते.

तालमीतला_नातू · मंगळवार, दुपारी १:३०

आईला तेवढेच पुरेसे होईल असे वाटले होते. असो, स्कॅन करून पाहतो.

रंकाळाकाठ · मंगळवार, सायंकाळी ७:२५

आजच्या प्रयोगांचा वृत्तान्त देतो. चित्र चौपट केले. दुसऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मास्क लावला, `Only masked` ठेवले, मापे १०२४ × १०२४ दिली, मूळचा प्रॉम्प्ट तसाच ठेवला आणि `Denoising strength` ०.७५ होता तसाच राहू दिला. परिणामी त्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी एक छोटा रंकाळा आला. अक्षरशः! पदराच्या आत पाणी, काठ आणि त्यावर बोटभर उंचीच्या तीन बायका. दुकानातली पोरे अजून हसत आहेत.

मग डिनॉइझ ०.२ वर आणला, तर चेहरा जसाच्या तसा, लगदाही तसाच. यातला मधला मार्ग कसा शोधावा?

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११:२०

छोटा रंकाळा येणे स्वाभाविक आहे. कातरलेल्या तुकड्यापुरते ते मॉडेलचे संपूर्ण जग असते, आणि तुम्ही त्याला सांगितलेत की या जगात तलावाकाठी सात बायका आहेत. प्रॉम्प्ट तुकड्याचा असला पाहिजे. मी असे काहीसे लिहीन, आणि इंग्रजीतच, कारण एसडीएक्सएलला मराठी जवळपास कळत नाही:

```
close-up face of a 50 year old Maharashtrian woman,
green sari over head, red kumkum, slight smile,
low evening sun from left, photo
```

वय मुद्दाम लिहा. न लिहिल्यास चेहरा विशीकडे आणि गोरेपणाकडे घसरतो. उजेडाची दिशासुद्धा लिहा, कारण तुकड्यात सूर्य दिसत नाही.

डिनॉइझचा आकडा म्हणजे मूळ तुकड्यावर किती धूळ उडवून तो नव्याने साफ करायचा याचे प्रमाण. कमी धूळ उडवली तर फक्त बारीक पोत बदलतो आणि डोळ्याची चुकलेली जागा चुकलेलीच राहते. जास्त उडवली तर चेहरा कुठे वळला आहे, पदर कुठून येतो, हे सगळे मॉडेल विसरते आणि कडेला जोड जुळत नाही. चेहऱ्यासाठी मी ०.४ पासून सुरुवात करतो आणि ०.५ च्या वर क्वचितच जातो.

पण डोळा गालावर उतरला असेल तर आकड्यांशी झगडत बसू नका. ब्रश घ्या, गालावरचा डोळा त्वचेच्या रंगाने झाका आणि डोळे जिथे असायला हवेत तिथे दोन गडद ठिपके द्या, तुमच्या पोराने काढल्यासारखे वेडेवाकडे चालतील. मग ०.४ ला सोडा. धूळ उडाल्यावर मॉडेलला तेवढी खूण पुरते. या दोन मिनिटांच्या रंगकामाने माझे जितके तास वाचले आहेत तितके कोणत्याही सेटिंगने वाचवलेले नाहीत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट `Only masked padding`. मास्कच्या बाहेरचा किती भाग तुकड्यात घ्यायचा ते हा आकडा ठरवतो आणि तो मूळचा ३२ पिक्सेल असतो. चौपट चित्रात ३२ पिक्सेल म्हणजे कानाएवढेसुद्धा नाहीत. मान आणि खांदे न दिसल्यामुळे मॉडेल पासपोर्टच्या फोटोसारखा समोर पाहणारा चेहरा काढते आणि तो वळलेल्या मानेवर बसतो. तुमच्या बाबतीत चेहऱ्यावरचा मास्क २५६ × २८८ च्या आसपास असेल, तर चारही बाजूंनी १९० ते २०० पिक्सेल द्या. तुकडा साधारण ६७२ पिक्सेलचा होईल आणि १०२४ होताना दीडपट वाढेल. चेहऱ्याला बेचाळीस घरांच्या जागी सुमारे दीड हजार घरे मिळतील, आणि खांदेही दिसत राहतील. पॅडिंग अवाच्या सवा वाढवलेत तर मात्र चेहरा तुकड्यात पुन्हा लहान होत जातो.

पिक्सेलपाटील · बुधवार, सकाळी ९:००

एक सुचवतो. एवढी हातमजुरी करण्यापेक्षा एडिटेलर नावाचे एक्स्टेंशन घाला. ते चेहरे स्वतः शोधते, स्वतः मास्क लावते आणि सातही चेहरे एका दमात करते. त्यात मूळचाच डिनॉइझ ०.४ असतो.

रंकाळाकाठ · बुधवार, दुपारी ४:१०

पाटीलसाहेबांचे ऐकून एडिटेलर घातले. सातपैकी सहा चेहरे त्याने झटकन केले आणि खरोखर सुबक केले. मात्र सहाही बायका सख्ख्या बहिणी दिसत आहेत, तेच नाक, तेच हसू, तेच वय. सातवी बाई बाजूला तोंड करून पदर सावरते आहे, तिला त्याने चेहरा मानलेच नाही.

रात्रपाळी · बुधवार, रात्री १०:४५

सहाही चेहऱ्यांना तुम्ही एकच प्रॉम्प्ट दिलात, म्हणून बहिणी झाल्या. एडिटेलरच्या प्रॉम्प्टमध्ये `[SEP]` लिहून प्रत्येक चेहऱ्याचे वर्णन वेगळे देता येते. फक्त चेहरे कोणत्या क्रमाने घेतले जातात ते सेटिंगमध्ये डावीकडून उजवीकडे असे ठरवून घ्या, नाहीतर आजीचे वर्णन सुनेला लागेल. सातवीसाठी चेहरे शोधणाऱ्या `face_yolov8n.pt` चा कॉन्फिडन्स ०.३ वरून ०.१५ पर्यंत उतरवून पाहा. पण तेवढा उतरवला की ते बरणीच्या झाकणालाही चेहरा समजू शकते, म्हणून तिला हातानेच मास्क लावणे बरे. पाटीलदादांची सूचना वेळ वाचवण्यासाठी चांगली आहे. माझी पद्धत मात्र अशी की सहा यंत्राने करावेत आणि त्यांतले जे दोन समोर आहेत ते पुन्हा हाताने करावेत.

मोरेवाडीचा_माळ · गुरुवार, सकाळी ११:३०

धाग्यात मध्येच शिरतो, क्षमस्व. मी कॉम्फीयूआय वापरतो. हेच सगळे मी नोड जोडून केले, तुकडा कातरला, मोठा केला, मास्क दिला, डिनॉइझ ०.४ ठेवला, तर चेहऱ्याच्या जागी राखाडी गोळा येतो. डिनॉइझ १ केला की चेहरा येतो, पण तो कोणाचा तरी भलताच असतो. कार्ड खराब आहे का?

रात्रपाळी · गुरुवार, दुपारी २:०५

कार्ड ठणठणीत आहे. आपण बहुधा `VAE Encode (for Inpainting)` हा नोड वापरला आहे. तो मास्कखालचा भाग आधी राखाडी करून टाकतो, म्हणून त्याला डिनॉइझ १ च लागतो. ०.४ ला त्या राखाडीचाच चेहरा होऊ पाहतो. त्याऐवजी साधा `VAE Encode` लावा आणि त्याच्यापुढे `Set Latent Noise Mask` जोडा, म्हणजे जुना चेहरा आधाराला शिल्लक राहील.

आणखी एक पाहून घ्या. शेवटी `VAE Decode` मधून निघालेला तुकडा आहे तसा पूर्ण चिकटवू नका. मास्कबाहेरचा भाग बदललेला नाही असे वाटते, पण तोही घरांत जाऊन परत आलेला असतो, त्यामुळे त्याचे रंग आणि बारीक रेघा किंचित हललेल्या असतात. `ImageCompositeMasked` ने फक्त मास्कखालचे पिक्सेल घ्या, बाकीचे मूळ चित्राचेच ठेवा.

मोरेवाडीचा_माळ · गुरुवार, दुपारी २:४०

तोच नोड होता. आता जमले. दोन दिवस कार्डाला शिव्या घालत होतो.

रंकाळाकाठ · गुरुवार, रात्री ८:५५

सातही चेहरे आता वेगवेगळे आणि घडलेले आले आहेत. नवीन अडचण जोडाची आहे. मोठ्या पडद्यावर पाहिले की तिसऱ्या बाईच्या गालाभोवती मास्क ठेवल्यासारखी अंधुक कड दिसते. छापल्यावर ती दिसेल का, आणि ती घालवायची कशी?

रात्रपाळी · शुक्रवार, रात्री १२:३०

छापल्यावर दिसेल. तो चेहरा फ्लेक्सवर जवळजवळ तीन इंच रुंद येणार आहे.

आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. जुने चित्र खाली आणि नवे वर ठेवून वरच्या लेयरचा मोड `Difference` करा आणि लेव्हल्सने उजळवा. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त बदललेला भाग चमकेल. चमक चेहऱ्यात दाट असून बाहेर विरत गेली असेल तर जोड ठीक आहे. सरळ रेषेत तुटलेला चौकोन दिसला तर मऊ कड तुकड्याच्या सीमेवर आदळून कापली गेली आहे, म्हणजे पॅडिंग कमी पडले. आणि संपूर्ण चेहरा एकसारखा उजळ दिसला तर रंग सरकला आहे, तिथे कड मऊ करून उपयोग नाही, आधी नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळवावा लागेल.

तुमच्या बाबतीत माझा संशय मास्कच्या जागेवर आहे. लोक गालाच्या कडेबरहुकूम मास्क काढतात आणि मग कड नेमकी सपाट, उजेड पडलेल्या त्वचेवर विरते, जिथे डोळा सर्वांत चिकित्सक असतो. मास्क थोडा मोठा करून तो केसांतून, पदराच्या घडीतून, हनुवटीखालच्या सावलीतून फिरवा. तिथे जोड पडला तर कोणालाच कळत नाही. शिंपी शिवण दुमडीत लपवतो तसेच हे आहे.

`Mask blur` मूळचा ४ असतो, चौपट चित्रात तो नसल्यातच जमा आहे. १६ च्या आसपास ठेवा. प्रोग्रॅमवर विश्वास नसेल तर जोड स्वतः करता येतो, आणि काय घडते ते समजायलाही बरे पडते:

```python
from PIL import Image, ImageFilter
base  = Image.open("base_4x.png").convert("RGB")
patch = Image.open("patch_1024.png").convert("RGB")
mask  = Image.open("mask_4x.png").convert("L")
x, y, s = 2310, 940, 672
patch = patch.resize((s, s), Image.LANCZOS)
soft = mask.filter(ImageFilter.GaussianBlur(16))
base.paste(patch, (x, y), soft.crop((x, y, x+s, y+s)))
base.save("final.png")
```

मधल्या कोणत्याही टप्प्यावर जेपीजी करू नका. सात चेहरे म्हणजे निदान सात वेळा जतन करणे आले.

पिक्सेलपाटील · शुक्रवार, सकाळी ९:२०

माझाही एक अनुभव नोंदवतो, कारण इथे मला जरा जास्तच धोपटले गेले आहे. चेहरा बेमालूम बसला तरी तो चिकटवल्यासारखा दिसतो याचे कारण बऱ्याचदा कड नसतेच. नवा चेहरा शेजारच्या पदरापेक्षा जास्त तीक्ष्ण असतो. मी शेवटी संपूर्ण चित्रावर हलकासा ग्रेन टाकतो, म्हणजे सगळे एका कॅमेऱ्यातून निघाल्यासारखे वाटते.

रात्रपाळी · शुक्रवार, दुपारी १२:५०

हे पूर्णपणे मान्य. एका गोष्टीत मात्र आपले जुळणार नाही असे दिसते. चौपट करताना तुम्ही धार देणारा अपस्केलर वापरता. मी दुरुस्तीच्या चेहऱ्यांपुरते साधे लँकझॉस वापरतो, कारण अपस्केलरने लगद्याला दिलेल्या खोट्या कडा मॉडेल खऱ्या मानते आणि ०.४ ला त्या सोडत नाही.

पिक्सेलपाटील · शुक्रवार, दुपारी १:१०

साध्या वाढवलेल्या तुकड्यावर माझ्याकडे चेहरे मेणाचे येतात. ज्याचा त्याचा अनुभव.

गुजरीकर · शुक्रवार, रात्री ९:४०

मी या तंत्रातला नाही, गुजरीत आमचे पिढीजात सोनारकाम आहे. पुतण्याने धागा दाखवला म्हणून लिहितो. रंकाळाकाठ यांनी सुरुवातीला साजाचा उल्लेख केला, पण नंतर सगळे चेहऱ्यांतच रमले. साजाचे काय झाले?

रंकाळाकाठ · शुक्रवार, रात्री १०:१५

काका, बरे विचारलेत. साजही याच पद्धतीने केला. मधल्या बाईच्या गळ्याभोवतीचा तुकडा घेतला, डिनॉइझ ०.५, प्रॉम्प्टमध्ये सोन्याचा कोल्हापुरी साज असे लिहिले. ओघळ जाऊन दागिना लखलखीत आला आहे. चित्र जोडतो आहे, पाहून सांगावे.

गुजरीकर · शुक्रवार, रात्री १०:५०

पाहिले. लखलखीत आहे, पण हा साज नाही. साजात जवमण्यांच्या मधोमध पानड्या असतात आणि प्रत्येक पानडीचा आकार वेगळा असतो. एकवीस पानांच्या साजात दहा अवतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरले. मासा, कासव, शंख ओळखू यावे लागतात. तुमच्या चित्रात सगळीकडे एकच पाच पाकळ्यांचे फूल आहे, डावीकडे नऊ आणि उजवीकडे सात, आणि डोरल्याच्या जागी बंगाली धाटणीचे लोलक लटकते आहे. बचत गटातल्या बायका पहिल्या नजरेत विचारतील की हे कुठले.

आधीचा ओघळ बरा होता असे मी म्हणेन. त्यात निदान साज असावा असे वाटत तरी होते.

रात्रपाळी · शनिवार, रात्री १२:१०

काकांनी मर्मावर बोट ठेवले. तुकडा मोठा केल्याने मॉडेलला जागा मिळते, माहिती मिळत नाही. चेहरे त्याने लाखोंनी पाहिलेले असतात, म्हणून जागा मिळताच चेहरा जमतो. साज त्याने फारसा पाहिलेला नसावा, म्हणून रिकामी जागा तो ठाऊक असलेल्या फुलांनी भरतो. पाटीवरच्या देवनागरी अक्षरांचेही हेच होते, तुकडा कितीही मोठा करा, नीटनेटकी पण निरर्थक अक्षरेच येतात. अक्षरे तर आपण फॉन्टने वरून बसवतोच.

इथे उलट दिशेने जावे लागेल. खऱ्या साजाचा फोटो घ्या, चित्रातल्याच दिशेने उजेड पाडून. तो कातरून, गळ्याच्या उताराप्रमाणे वाकवून चित्रावर बसवा आणि मग त्या भागावर ०.२ च्या आसपास डिनॉइझ देऊन एकदा फिरवा, एवढ्याने सावली आणि कडा चित्राशी जुळून येतात.

मोरेवाडीचा_माळ · शनिवार, सकाळी १०:००

कंट्रोलनेटमधले लाइनआर्ट लावून डिनॉइझ ०.५ पर्यंत नेता येणार नाही का? आकृती रेषांनी बांधून ठेवली की मॉडेल ती मोडत नाही, असा माझा समज आहे.

रात्रपाळी · शनिवार, दुपारी ३:३०

बाह्यरेषा टिकते, आतले टिकत नाही. मी पैठणीच्या मोरावर हे केले होते, मोराची आकृती राहिली आणि आतली पिसे वेलबुट्टी होऊन गेली. साजातला मासा या चित्रात वीसेक पिक्सेलचा असेल, त्याचे खवले आणि डोळा रेषांत उतरणारच नाहीत. तुकडा फक्त अर्ध्या साजाचा घेऊन केलात तर कदाचित जमेल. मी केलेले नाही.

गुजरीकर · शनिवार, रात्री ८:२०

घरात आईचा एकवीस पानांचा साज आहे. रविवारी दुपारनंतर दुकानी या, काळ्या मखमलीवर ठेवून फोटो काढू. पॉलिश केलेला नाही, तसाच बरा दिसतो.

रंकाळाकाठ · रविवार, रात्री ११:१५

काकांकडे जाऊन आलो, चहाही झाला. मखमलीवर नीट कातरता येईना, कारण सोन्यात काळ्याचे प्रतिबिंब पडत होते. मग काकांनीच फिकट बदामी कापड काढून दिले आणि साज त्यांच्या मुलीच्या गळ्यातल्यासारखा एका उशीवर वळवून ठेवला, म्हणजे फोटो वाकवावा लागला नाही. डावीकडून दिवा धरला.

मधल्या बाईवर साज बसवून ०.१५, ०.२, ०.२५ आणि ०.३५ अशी चार चित्रे काढली. ०.१५ ला तो स्टिकरसारखा दिसतो. ०.२ ला मानेवर त्याची सावली आली आणि कड विरली. ०.२५ ला कासवाचे पाय गेले. ०.३५ ला मासा आणि शंख दोघांचेही पान झाले. काकांना चारही मोबाइलवर पाठवली, त्यांनी न सांगता ०.२ चे निवडले, फक्त डोरले किंचित डावीकडे गेले आहे असे कळवले. ते खरे होते, माझ्याच हाताने सरकले होते.

बाकी सहा जणींचे साज पदराने अर्धे झाकले आहेत. तिघींना हाच फोटो वेगळ्या कोनाने बसवला, उरलेल्या तिघी लांब असल्यामुळे त्यांचा ओघळ तसाच ठेवला आहे. पाचव्या बाईच्या हाताला सहा बोटे आहेत हे आज सकाळी लक्षात आले. हातावर मास्क लावून नऊ वेळा रेखाटले, दर वेळी बोटे पाच येतात आणि बरणी हातातून सुटते. कोणाला काही सुचत असेल तर सांगावे, नाहीतर त्या हातावर मसाल्याचे पाकीट ठेवून देतो. मंगळवारी छपाईला द्यायचे आहे.

रात्रपाळी · सोमवार, रात्री १२:२०

पाकीट ठेवा. मी तेच केले असते.